पट्टीच्या कडेला काळी रेघ का येते : स्ट्रेट आणि प्रीमल्टिप्लाइड अल्फाची पार्श्वभूमी

अंधेरीतल्या ग्राफिक्सवाल्याने केलेली नावाची पट्टी दादरच्या एडिटरकडे जाते तेव्हा फाइलमध्ये दोन गोष्टी असतात, रंग आणि अल्फा, म्हणजे प्रत्येक पिक्सेल किती अपारदर्शक आहे त्याचा आकडा. हा रंग अल्फाने गुणून ठेवलाय, म्हणजे प्रीमल्टिप्लाइड, की न गुणता, म्हणजे स्ट्रेट, ही तिसरी गोष्ट. ती बहुतेक वेळा कोणी सांगतही नाही आणि विचारतही नाही. मग पांढऱ्या अक्षरांभोवती काळपट कड दिसते, ग्राफिक्सवाला म्हणतो ‘माझ्याकडे बरोबर दिसतंय’, आणि तो खोटं बोलत नसतो.

हा गोंधळ संगणकाच्या आधीपासूनचा आहे. टीव्हीच्या कंट्रोल रूममध्ये अक्षरयंत्रातून दोन वायरी निघायच्या. एकीवर रंगीत चित्र, म्हणजे फिल. दुसरीवर काळं-पांढरं चित्र, म्हणजे ‘की’. मिक्सर कीच्या पांढऱ्या भागात फिल बसवायचा आणि काळ्या भागात कॅमेरा जाऊ द्यायचा. मुंबईच्या न्यूजरूममध्ये पट्टीला आजही ‘ॲस्टन’ म्हणतात, ते अशाच एका ब्रिटिश यंत्राच्या नावावरून. तेव्हाही फिल आधीच कीने कापून पाठवायचा की सबंध पाठवून कापायचं काम मिक्सरवर सोडायचं, असे दोन प्रकार होतेच. पण वायरी जोडणारा इंजिनीअर पाच पावलांवर बसलेला असायचा, आणि प्रश्न ओरडून सुटायचा.

संगणकाच्या चित्रात लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला चौथा चॅनल सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आला. १९८४ साली एका शोधनिबंधाने चित्रावर चित्र ठेवण्याचं गणित पक्कं मांडलं आणि सुचवलं, की रंग साठवतानाच तो अल्फाने गुणून ठेवा. त्यामागे कारण होतं. थर रचताना तो गुणाकार दर वेळी करावा लागतो, मग आधीच करून ठेवला तर काम वाचतं. शिवाय चित्र लहान-मोठं करताना किंवा धूसर करताना शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात. गुणलेल्या रंगात अदृश्य भागाचा रंग शून्यच असतो, त्यामुळे तिथली घाण कडेत झिरपत नाही. दोन्ही पद्धतींची सूत्रं इतकीच:

```
स्ट्रेट:          निकाल = अल्फा × रंग + (1 − अल्फा) × मागचं चित्र
प्रीमल्टिप्लाइड:  निकाल = रंग + (1 − अल्फा) × मागचं चित्र
```

इथवर सगळं सरळ होतं. खरा वाद पुढच्या दशकात झाला, आणि माझ्या मते आजच्या डोकेदुखीचं मूळ तिथे आहे. टिफ या चित्रांच्या फाइलप्रकाराच्या १९९२च्या आवृत्तीने शहाणपणा केला. तिने दोन्ही प्रकार मान्य केले आणि फाइलमध्येच कोणता आहे ते लिहायची जागा दिली. १९९६ साली पीएनजीचं स्पेसिफिकेशन ठरलं तेव्हा मात्र एकच प्रकार निवडला गेला, तोही निबंधात सुचवलेल्याच्या उलटा: रंग न गुणता ठेवायचा, म्हणजे स्ट्रेट.

ती निवड अडाणीपणाची नव्हती. पीएनजीचं वचनच होतं की एकही बिट वाया जाणार नाही. आठ बिटांच्या चित्रात अल्फा २५५ पैकी १० असेल आणि रंग गुणून ठेवला, तर त्या रंगाला ० ते १० एवढ्या ११ पायऱ्याच उरतात. नंतर भागून मूळ रंग काढू म्हटलं तर तो मिळत नाही. वेबच्या चित्रासाठी हा मुद्दा बिनतोड होता. पण कंपोझिटिंगवाले, म्हणजे चित्रांचे थर एकमेकांवर रचणारे, आपल्याच वाटेने गेले. २००३ साली खुला झालेला ओपन-ईएक्सआर हा फाइलप्रकार गुणलेला रंगच धरून चालतो, आणि त्याच्या फ्लोटिंग पॉइंट आकड्यांमुळे पायऱ्या कमी पडण्याची तक्रारही उरली नाही. व्हिडिओच्या फाइली या दोघांच्या मधे लोंबकळत राहिल्या. क्विकटाइमच्या .mov मध्ये दोन्ही तऱ्हांचा माल यायचा आणि येतो. टिफसारखी सरळ खूण सगळ्यांनी लिहायची आणि सगळ्यांनी वाचायची, एवढी शिस्त तिथे कधीच रुजली नाही. वाद कोण बरोबर हा नव्हताच. लेबल कोण लावणार हा होता, आणि ते काम कोणी अंगावर घेतलं नाही.

लेबल नसल्याने नेमकं काय होतं ते एका पिक्सेलवर पाहू. पांढऱ्या अक्षराच्या कडेचा पिक्सेल घ्या, अल्फा निम्मा. मागे मरिन ड्राइव्हचं दुपारचं आकाश, उजेड २५५ पैकी २००. बरोबर उत्तर २५५चा अर्धा अधिक २००चा अर्धा, म्हणजे साधारण २२८. प्रीमल्टिप्लाइड फाइलमध्ये हा पिक्सेल आधीच १२८ म्हणून बसलेला असतो. एडिटरने तो स्ट्रेट समजून पुन्हा निम्मा केला, की ६४ अधिक १००, म्हणजे १६४ येतं. अक्षर २५५, आकाश २००, आणि मधली कड दोघांपेक्षा काळी. हीच ती रेघ. उलट चूक झाली, म्हणजे स्ट्रेट फाइल प्रीमल्टिप्लाइड समजली, तर २५५ अधिक १०० होतात. ते २५५ला आपटतात आणि कड पांढरी, करवतीसारखी दिसते.

यातून दोन गोष्टी निघतात, ज्या कामात फार उपयोगी पडतात. एक, काळ्या सावलीत ही चूक दिसतच नाही. काळ्याचा आकडा शून्य, तो गुणला काय आणि न गुणला काय. म्हणून ड्रॉप शॅडोवाली पट्टी तपासून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पांढरा ग्लो किंवा उजळ रंगाची धूसर कड उजळ पार्श्वभूमीवर ठेवून पाहावी. दुसरी गोष्ट फेडची. पट्टी हळूहळू उगवताना सगळीच अर्धपारदर्शक असते. अल्फा निम्मा असताना दुहेरी गुणाकाराने रंग पावच उरतो, त्यामुळे पट्टी येताना आणि जाताना क्षणभर मळकट होते, पूर्ण आल्यावर मात्र स्वच्छ. एडिटर हे फेडच्या कर्व्हचं दुखणं समजून कीफ्रेम हलवत बसतो. आणि पट्टीची जमीनच ८० टक्के अपारदर्शक असेल, तर रंग ६४ टक्क्यांवर येतो आणि क्लायंटचा फोन येतो, ‘आमचा भगवा असा तपकिरी का?’

मुंबईतल्या छोट्या स्टुडिओंमध्ये हे सगळं आलं ते आफ्टर इफेक्ट्स आणि क्विकटाइम ॲनिमेशन या व्हिडिओ दाबून ठेवणाऱ्या कोडेकच्या जोडीने. क्विकटाइम १९९१चं. रेंडरच्या खिडकीत `Millions of Colors+` निवडायचं, कारण त्यातलं अधिक चिन्ह म्हणजे अल्फा, हे ज्येष्ठांनी कनिष्ठांना तोंडी सांगितलेलं ज्ञान. फाइली मात्र अवाढव्य होत. एचडीची एक फ्रेम आठ बिटांत चार चॅनलसह सुमारे ८.३ एमबी. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर आठ सेकंदांची पट्टी न दाबता १.६ जीबीच्या पुढे जाते. ॲनिमेशन कोडेक सपाट रंग चांगला दाबायचा, पण त्यात ग्लो आणि ग्रेडियंट आले की त्याचा दम संपायचा.

२००९ साली प्रोरेस ४४४४ हा कोडेक आला आणि हा ताप गेला. त्याचा अल्फा १६ बिटांपर्यंतचा आणि काहीही न गमावता दाबलेला, रंग मात्र थोडा गमावून. दोन वर्षं आधीच्या प्रोरेस ४२२ मध्ये अल्फा नाही, आणि नाव अर्धवट वाचून तो निवडणारे आजही आहेत. पण प्रोरेस मॅकवर सहज बनायचा आणि गल्लोगल्लीच्या एडिटिंगवाल्यांकडे तर विंडोजच. आफ्टर इफेक्ट्समधून विंडोजवर प्रोरेस काढायची अधिकृत सोय २०१८च्या अखेरीस झाली. त्याच वर्षी आधी जुन्या क्विकटाइमचा आधारही काढून घेतला गेला होता. त्यामुळे कित्येकांची लोगोंची जुनी लायब्ररी पुन्हा उघडून तपासावी लागली.

कोडेक बदलला तरी जुना प्रश्न तसाच राहिला. आउटपुटच्या खिडकीत `RGB + Alpha` निवडलं की खाली `Straight (Unmatted)` आणि `Premultiplied (Matted)` असे दोन पर्याय येतात. स्ट्रेट फाइल साध्या प्लेयरमध्ये उघडली तर भयाण दिसते, कारण ग्लोच्या जागी ठोकळा आणि अक्षरांना दातेरी कडा. व्हॉट्सॲपवर ती पाहून क्लायंट ‘फाइल करप्ट आहे’ म्हणतो. काळ्यावर गुणलेली फाइल नीटनेटकी दिसते. मला वाटतं, आपल्याकडे प्रीमल्टिप्लाइडची सवय पडली ती गणितामुळे नव्हे, या फोनच्या धाकाने.

देवाणघेवाणीत स्ट्रेट द्यावी, या मताचा मी आहे. काळ्यावर मॅट केलीय की पांढऱ्यावर, म्हणजे कडेत कोणता रंग मिसळलाय, हा पुढचा प्रश्न त्यात उरत नाही. मात्र आलेली फाइल बिघडलेली दिसली तर पुन्हा रेंडर मागवायची गरज नसते. आफ्टर इफेक्ट्समध्ये `Interpret Footage`, रिझॉल्व्हमध्ये `Clip Attributes` उघडून अल्फाचा प्रकार बदलला की कड जाते. आफ्टर इफेक्ट्सचं `Guess` बटण नावाप्रमाणे अंदाजच करतं. फाइलमध्ये अल्फा मुळात आहे का, ही शंका असेल तर:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=pix_fmt patti.mov
```

प्रोरेस ४४४४साठी उत्तरात `yuva444p` अशी सुरुवात दिसली तर त्यातला `a` म्हणजे अल्फा. नुसतं `yuv444p` आलं तर अल्फा गेलेला आहे, आणि एडिटरकडे कितीही सेटिंग बदलली तरी परत येणार नाही. आहे तो कोणत्या प्रकारचा, हे मात्र `pix_fmt` सांगत नाही.

गेल्या दशकात गर्दी वाढली. २०१३ साली ब्राउझरमध्ये पारदर्शक वेबएम चालू लागलं, २०१९ साली फोन आणि मॅकवर एचईव्हीसीमध्ये अल्फा आला. नेहमीच्या एच.२६४ एमपी४मध्ये तो व्यवहारात कुठेच नाही, म्हणून मंडळाच्या रीलसाठी फोनवर एडिट करणारी मुलं हिरव्या पडद्यावर लोगो मागतात आणि की मारून हिरवा उडवतात. त्यात हिरवी छटा कडेला राहते आणि ग्लो तर हमखास मरतो.

गणपतीच्या लाइव्ह प्रक्षेपणात वापरतात त्या छोट्या स्विचरवरही कीअरखाली `Pre Multiplied Key` असा चौकोन दिसतो. पाच पावलांवरच्या इंजिनीअरला ओरडून विचारायचा तोच प्रश्न तिथे आता चौकोनात टिक करून सोडवायचा आहे. मंडपात रात्री, मागे अंधार असताना काळी कड झाकली जाते. विसर्जनाच्या दिवशी दुपारच्या उन्हात तीच पट्टी चढवली की सगळ्यांना दिसते.