ठोकळेदार चालीचा प्रॉम्प्ट

जुन्या गेमसारखी पिक्सेल, व्हॉक्सेल म्हणजे त्रिमितीय ठोकळ्यांची, किंवा लो-पॉली म्हणजे मोजक्या सपाट पृष्ठांची दृश्ये व्हिडिओ बनवणाऱ्या एआय मॉडेलकडून काढून घेण्यासाठी लिहिलेली सूचना. ठोकळेदार रूप मिळवणे सोपे असते. पहिली फ्रेम बहुधा छानच येते. घोळ होतो तो हालचालीत. ही मॉडेले मुख्यतः खऱ्या चित्रणावर शिकलेली असल्याने चित्र चौकोनी आणि चाल मात्र लोण्यासारखी मऊ, असा विजोड प्रकार हाती येतो.

समजा, इंदूरच्या एका मराठी मंडळाला गणेशोत्सवाच्या आमंत्रणासाठी राजवाडा आणि त्यापुढे पोह्यांची गाडी अशी चार सेकंदांची क्लिप हवी आहे. राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. चित्राची जाळी ३२० × १८० ठोकळ्यांची धरून इमारतीला १४० ठोकळे उंची दिली, तर प्रत्येक मजल्याला सरासरी २० ठोकळे येतात. तेवढ्यात खिडकी ओळखू येते, नक्षी नाही. म्हणून नक्षी मागूच नये. मागितली की मॉडेल ठोकळ्यापेक्षा बारीक रेषा घुसवते.

‘रेट्रो गेम शैली’ एवढ्याने भागत नाही. चाल शब्दांत सांगावी लागते: कॅमेरा स्थिर, बाजूने दिसणारे दृश्य, सेकंदाला ८ पोझ, प्रत्येक पोझ धरून मग झटक्यात पुढची, मधली फ्रेम नाही, धूसरपणा नाही. २४ फ्रेमच्या व्हिडिओत याचा अर्थ एक पोझ तीन फ्रेम टिकते. पोह्यांची वाफ हमखास दगा देते. नुसते ‘वाफ’ म्हटले की खरा धूर तरंगू लागतो. त्याऐवजी ‘चार पांढरे ठोकळे एकेक पायरी वर चढतात, मग पुन्हा खालून सुरू’ असे लिहावे.

तपासायचे असेल तर क्लिप मोठी करून फ्रेम-फ्रेम पुढे न्यावी. स्थिर दगडी भिंतीतले चौकोन लहानमोठे होत असतील किंवा थरथरत असतील, तर जाळी सुटली आहे. कॅमेरा सरकवला की हा दोष फार वाढतो. प्रॉम्प्ट कितीही घासूनपुसून लिहिला तरी जाळी पूर्ण बसेल याची खात्री नसते, त्यामुळे शेवटचा हात ffmpeg या व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या साधनाने बाहेरूनच फिरवणे बरे. १६:९ आकाराच्या क्लिपसाठी:

```
ffmpeg -i in.mp4 -vf "fps=8,scale=320:180:flags=area,scale=1280:720:flags=neighbor" out.mp4
```

यात आधी पोझ कमी होतात, मग चित्र लहान होते आणि शेवटी प्रत्येक ठोकळा उंची-रुंदीत नेमका चौपट होतो. मूळ हालचाल वाहती असेल तर ती आता टप्प्याटप्प्याने दिसते. पण वितळलेला हात यातून सुधारत नाही.

व्हॉक्सेल आणि लो-पॉलीला हा उपाय लागू पडत नाही, कारण तिथला ठोकळा पडद्यावरचा नसून वस्तूचा असतो. तिथे ‘हातपाय ताठ, फक्त खांद्यातून आणि कमरेतून वळतात’ असे सांगावे. त्याहून भरवशाचे म्हणजे मॅजिकाव्हॉक्सेल या व्हॉक्सेल रचण्याच्या साधनात राजवाडा स्वतः रचून त्याचे चित्र पहिली फ्रेम म्हणून देणे. मात्र कॅमेरा इमारतीला वळसा घालू लागला की मागची बाजू मॉडेल मनानेच रचते.