घरभाडे भत्त्याची सूट आणि डीएचा घोळ

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीच्या ऑफिसांमध्ये भाड्याच्या पावत्या गोळा करायला सुरुवात होते आणि तेव्हाच तोच जुना वाद परत निघतो, की पावत्या तर वर्षभराच्या दिल्या, मग सूट एवढीशीच कशी बसली. क्लार्क म्हणतो कॉम्प्युटरने काढली. पण हे कॉम्प्युटरने ठरवलेलं नाही, हे ठरलं ते भत्त्याच्या सुटीसाठी पगाराची व्याख्या दुसऱ्याच कामासाठी लिहिलेल्या जागेवरून उचलली तेव्हा, आणि कोकणासारख्या कमी भाड्याच्या भागात त्याचा फटका जास्त बसतो असं माझं स्पष्ट मत आहे.

1961 च्या आयकर कायद्यात ही सूट सुरुवातीपासून नव्हती. कलम 10(13ए) आलं 1964 च्या दुरुस्तीने, त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून, आणि हिशोब कसा करायचा ते नियम 2ए मध्ये गेलं. सुरुवातीच्या काळात रुपयांत ठरलेली महिन्याची एक कमाल मर्यादासुद्धा होती, ती पुढे गेली आणि आज सगळ्यांना पाठ असलेली तिहेरी तुलना उरली : मिळालेला भत्ता, भाड्यातून पगाराचा दहावा हिस्सा वजा करून उरलेली रक्कम, आणि पगाराचे 40 टक्के (नियम 2ए प्रमाणे मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथे 50), यात सगळ्यात कमी असेल ती सूट. मध्ये 1984 ची एक दुरुस्ती झाली तीही महत्त्वाची, स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्याला किंवा प्रत्यक्ष भाडं न देणाऱ्याला सूट नाही हे तेव्हा मागच्या तारखेपासून लागू करून स्पष्ट लिहिलं गेलं, कारण त्याआधी स्वतःच्या घरात राहूनही लोक सूट मागत होते. आपल्याकडे हे अजून आडवं येतं. घर आजोबांच्या नावावर, पुढे चार भावांची नावं लागलेली, त्यातला एक इथेच नोकरीला आणि बाकीचे तिघे मुंबईत, मग इथला भाऊ त्यांना भाडं देतो म्हणून पावती लावतो. पण असेसमेंटच्या उताऱ्यावर त्याचंही नाव असलं तर तो मालकांपैकी एक झाला आणि ही पावती तपासणीत अडचणीत येऊ शकते.

आता मुख्य घोळ. वरच्या तिन्ही आकड्यांपैकी दोन पगारावर उभे आहेत. पगार म्हणजे काय ते नियम 2ए स्वतः सांगत नाही, तो चौथ्या अनुसूचीतल्या प्रॉव्हिडंट फंडाच्या व्याख्येकडे बोट दाखवतो. तिथे लिहिलंय, की नोकरीच्या अटींमध्ये तशी तरतूद असेल तर महागाई भत्ता पगारात धरायचा आणि बाकीचे सगळे भत्ते आणि सवलती वगळायच्या. तरतूद म्हणजे कसली तरतूद, हे वाक्यात नाहीच. प्रॉव्हिडंट फंडाच्या संदर्भात ते चालून जातं, कारण फंडाची कपात कशावर करायची हे अटीतच असतं. घरभाड्याच्या हिशोबात आणल्यावर मात्र वाक्य अर्धवट वाटायला लागतं. मग प्रथा अशी पडली की निवृत्तीच्या लाभांसाठी डीए मोजला जात असेल तर तो पगारात धरायचा, नाहीतर फक्त बेसिक. याच व्याख्येवर एक प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं, तिथे वाद कमिशनचा होता आणि विक्रीच्या ठरलेल्या टक्क्याने मिळणारं कमिशनसुद्धा पगारच असं ठरलं. म्हणून आजही टक्केवारी कमिशनवाल्यांच्या हिशोबात ते धरावं लागतं.

डीएचं मात्र इतकं सरळ सुटत नाही. जिथे पीएफ बेसिक अधिक डीएवर कापतात, तिथे वादच नाही, धरायचाच. एनपीएसवाल्यांचंही तसंच, त्यांची कपात दोन्हीवर होते. पण जुन्या पेन्शनवाल्याचं काय, त्याचं पेन्शन बेसिकवरून ठरतं आणि ग्रॅच्युइटी काढताना मात्र डीए मिळवतात, म्हणजे एका लाभात डीए आहे आणि दुसऱ्यात नाही. एक अकाउंटंट एक धरतो दुसरा दुसरं. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना 2004 मध्ये बेसिकच्या 50 टक्क्यांइतका डीए महागाई वेतन म्हणून पगारात मिसळून दिला तेव्हा तेवढा भाग तरी निर्विवाद पगार झाला, उरलेल्या डीएचा प्रश्न तसाच राहिला. माझ्या मते एकाही निवृत्तीलाभात डीए मोजला जात असेल तर तो धरणंच सुरक्षित आहे, पण नियम लिहिणाऱ्यांनी हे एका ओळीत स्पष्ट करायला हवं होतं आणि इतक्या वर्षांत केलं नाही ही त्यांचीच चूक आहे.

फरक किती पडतो ते एका उदाहरणावर बघू. रत्नागिरीत भाड्याने राहणारी एक कर्मचारी धरा, महिन्याला बेसिक 42,000, डीए 21,000, घरभाडे भत्ता 4,200, बाकी हजारभर किरकोळ भत्ते जे हिशोबात येत नाहीत. फ्लॅटचं भाडं 8,500. एप्रिल ते जानेवारी असे दहा महिने ती तिथे राहिली आणि फेब्रुवारीत स्वतःच्या घरात गेली.

डीए धरला तर महिन्याचा पगार 63,000, त्याचा दहावा हिस्सा 6,300, भाड्यातून तो गेला की उरतात 2,200. 40 टक्क्यांचा आकडा 25,200, तो कुठेच आडवा येत नाही. भत्ता 4,200. तिघांत कमी 2,200, म्हणजे दहा महिन्यांची सूट 22,000. आता डीए न धरता करा, दहावा हिस्सा 4,200, भाड्यातून गेल्यावर 4,300 उरतात, म्हणजे भत्ताच सगळ्यात कमी आणि पूर्ण 4,200 माफ, दहा महिन्यांचे 42,000. एका शब्दाच्या अर्थावर 20,000 चा फरक, आणि 20 टक्क्यांच्या टप्प्यात सेस धरून 4,160 रुपये कर. फेब्रुवारी-मार्चचा भत्ता दोन्ही हिशोबांत पूर्ण करपात्रच.

छोट्या गावांचं दुखणं इथेच आहे. मोठ्या शहरांपेक्षा इथे भत्त्याचा टक्का आधीच खालचा, या उदाहरणात तो बेसिकच्या दहाव्या हिश्श्याइतकाच आहे आणि भाड्यातून वजा होतो तो मात्र बेसिक अधिक डीएचा दहावा हिस्सा. या बाईंचं भाडं 6,300 किंवा त्याहून कमी असतं तर सूट शून्य, पावत्या कितीही खऱ्या असोत. दापोली, मालवणला पाच-सहा हजारांत खोली घेऊन राहणारे कितीतरी जण हेच भोगतात आणि त्यांना वाटतं की पावतीतच काहीतरी चुकलं. शिवाय डीए वाढला की सूट कमी होते, भाडं तेच राहिलं तर. वरच्या उदाहरणात डीए बेसिकच्या दोन टक्क्यांनी वाढला, म्हणजे 840 रुपयांनी, की दहावा हिस्सा 84 ने वाढतो आणि महिन्याची सूट तेवढीच घटते. म्हणून ज्या महिन्यापासून डीए बदलला तिथून हिशोबाचा नवा तुकडा पाडायचा.

तुकडे पाडणं हे दुसरं ठिकाण जिथे हमखास चूक होते. नियमात पगार, भाडं, भत्ता हे सगळं ज्या काळात घर भाड्याने घेतलेलं होतं त्या काळापुरतं मोजायचंय. पण अनेक ऑफिसांत वर्षाचे एकूण आकडे घालतात. याच बाईंचा वर्षाचा पगार 7,56,000, त्याचा दहावा हिस्सा 75,600, दहा महिन्यांचं भाडं 85,000, उरले 9,400. बरोबर उत्तर 22,000 असताना 9,400. जे दोन महिने तिने भाडं दिलंच नाही त्या महिन्यांचाही पगार भाड्यातून वजा झाला. ही चूक ओळखायची सोपी खूण म्हणजे ऑफिसच्या तक्त्यात महिनावार रकाने आहेत की नाही ते बघायचं, एकच वार्षिक ओळ असेल आणि वर्षात घर, भाडं किंवा पगार बदलला असेल तर आकडा बहुधा चुकलेला असतो. डीए धरलाय की नाही हे बघायला पगारपत्रक पुरतं, एनपीएसची कपात 6,300 असेल तर ती 63,000 वर आहे, 4,200 असेल तर फक्त बेसिकवर.

पावत्यांचा भाग त्या मानाने नंतरचा आणि जास्त कडक होत गेलेला. महिन्याला 3,000 पर्यंत भत्ता असणाऱ्यांकडून ऑफिसने पावती मागायची गरज नाही ही सवलत आहे, पण ती फक्त ऑफिसने कर कापण्यापुरती, पुढे तपासणीत विचारलं तर पुरावा द्यावाच लागतो. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर घरमालकाचा पॅन, ही मर्यादा 2013 मध्ये खाली आणली, आधी ती 1,80,000 होती. 1961 च्या कायद्याखाली 2016 पासून सगळं फॉर्म 12बीबी मध्ये भरून द्यायचं होतं. पावतीवर महिना, पत्ता, घेणाऱ्याचं नाव-सही आणि रोख 5,000 च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प. डिपॉझिट म्हणजे भाडं नाही, आणि वेगळं भरलेलं लाइट बिलही भाड्यात धरत नाहीत. घरमालक मुंबईत आणि चावी गावातल्या काकूंकडे अशी घरं इथे पुष्कळ, तिथे सही काकूंची आणि नाव मालकाचं असं होऊ देऊ नका, भाडं बँकेतून थेट मालकाच्या खात्यात गेलं तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

2020-21 पासून नवी करप्रणाली आली, तिच्यात ही सूटच नाही, आणि 2023-24 पासून तीच डीफॉल्ट झाली, म्हणजे ऑफिसला काही कळवलं नाही तर पावत्या देऊनही कर नव्या पद्धतीने कापला जातो. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या नोकरदाराला मुदतीत रिटर्न भरताना जुनी पद्धत निवडता येते आणि ऑफिसने न दिलेली सूट तिथे मागता येते. 2025-26 या आकारणी वर्षाच्या रिटर्नपासून त्यासाठी नुसता सुटीचा आकडा चालत नाही, कामाचं ठिकाण, मिळालेला भत्ता, दिलेलं भाडं, बेसिक आणि डीए हे वेगवेगळे भरावे लागतात. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे आकडे बदललेत, पण त्याआधीच्या वर्षांच्या नोटिसा येतील त्या जुन्या 10(13ए) आणि नियम 2ए खालीच, त्यामुळे त्या वर्षांच्या पावत्या आणि महिनावार पगारपत्रकं एकाच फायलीत लावून ठेवा, डीए बदलल्याचे आदेशही त्यातच.