सासरा, सून आणि करार: प्रिव्हिटीच्या अपवादामागचा इतिहास

करार दोघांचा असेल तर दावाही त्या दोघांपैकीच कोणी लावायचा. तिसऱ्याच्या फायद्यासाठी करार झाला असला तरी त्या तिसऱ्याने कोर्टात येऊ नये. प्रिव्हिटी ऑफ कॉन्ट्रॅक्ट म्हणतात ते हेच. कायद्याच्या उत्तरपत्रिकेत या नियमापुढे चार-पाच अपवादांची यादी येते आणि ‘कौटुंबिक व्यवस्थेतील लाभार्थी’ हा त्यातला एक क्रमांक होऊन जातो. तो तिथे आला कसा हे पाहायचे तर दोन लग्नांपासून सुरुवात करावी लागते. दोन्हीकडे व्याह्या-व्याह्यांत करार झाला, दोन्हीकडे पैसे देण्याचे वचन मोडले गेले, आणि निकाल मात्र नेमके उलटे लागले.

पहिले लग्न इंग्लंडमधले. विल्यम ट्वेडलचे वडील आणि त्याचा सासरा विल्यम गाय यांनी 1855 मध्ये लेखी ठरवले की दोघांनी या जोडप्याला पैसे द्यायचे, सासऱ्याने 200 पौंड आणि वडिलांनी 100 पौंड. पैसे मिळाले नाहीत तर विल्यमला स्वतः दावा लावता येईल, असेही कागदात स्पष्ट घातले होते. सासरा पैसे न देताच वारला. जावयाने त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकावर, म्हणजे अ‍ॅटकिन्सनवर दावा लावला आणि 1861 मध्ये तो हरला. कारण दिले गेले ते असे, की या वचनासाठी प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात द्यायचा मोबदला, त्याने दिलेले नव्हते, त्यामुळे तो परका. सतराव्या शतकातल्या डटन विरुद्ध पूल खटल्यात एका मुलीला वडील आणि भाऊ यांच्यातल्या करारावरून 1,000 पौंड मिळाले होते, कारण बाप-लेकीचे नातेच तेव्हा पुरेसे जवळचे मानले गेले. 1861 च्या न्यायाधीशांनी ते जुने मत मागे टाकले.

भारतीय करार अधिनियम 1872 मध्ये आला. त्याच्या कलम 2(ड) प्रमाणे प्रतिफल वचनग्रहीत्याने किंवा ‘अन्य कोणत्याही व्यक्तीने’ दिलेले चालते. म्हणजे विल्यम ज्या कारणाने हरला ते कारण आपल्याकडे उरलेच नाही. मग परक्यालाही दावा लावता येईल, असा अर्थ काहींनी काढला. पण प्रतिफल कोणी दिले हा एक प्रश्न आणि वचन कोणाला दिले हा दुसरा. मद्रासच्या चिन्नय्या विरुद्ध रामय्या खटल्यात आईने मुलीला मिळकत दिली आणि मुलीने मावशीला दरसाल रक्कम देण्याचे लिहून दिले. प्रतिफल आईचे होते, पण वचन थेट मावशीला होते. तिथे प्रिव्हिटीची अडचणच नव्हती. हा खटला अपवादाचे उदाहरण म्हणून लिहिणारे दरवर्षी भेटतात. तो तसा नाही.

दुसरे लग्न ऑक्टोबर 1877 मधल्या करारातून आले. ख्वाजा मुहम्मद खान यांनी आपल्या अल्पवयीन मुलाच्या लग्नाआधी मुलीच्या वडिलांना लिहून दिले की सून हुसैनी बेगम हिला दरमहा 500 रुपये ‘खर्च-ए-पानदान’ म्हणून कायम मिळतील. पानदानाचा खर्च म्हणजे बायकोच्या हातखर्चाची रक्कम. ती कशी खर्च करायची याचा हिशेब तिने द्यायचा नसतो. ही रक्कम ज्या मिळकतीच्या उत्पन्नातून द्यायची, ती मिळकत करारात नावानिशी लिहिलेली होती. पुढे नवरा-बायकोचे पटेना, ती वेगळी राहू लागली आणि थकलेल्या रकमेसाठी तिने सासऱ्यावर दावा लावला.

सासऱ्याचे म्हणणे सरळ होते: करार मी तिच्या बापाशी केला, ती त्यात पक्षकार नाही, आणि इंग्लंडमध्ये जावई हरलेलाच आहे. शिवाय ती मुलाजवळ राहत नाही. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे भारतासाठी तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेले. 1910 मध्ये सय्यद अमीर अली यांनी निकाल दिला तो सुनेच्या बाजूने. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, ठरावीक स्थावर मिळकतीवर बोजा ठेवलेला होता आणि त्याचा लाभ एकट्या तिलाच होता, म्हणून न्यायबुद्धीच्या तत्त्वावर तिला वसुली मागता येते. दुसरी, ज्या समाजांत अल्पवयीनांची लग्ने आईबाप किंवा पालक ठरवतात, तिथे इंग्लंडचा नियम लावला तर गंभीर अन्याय होऊ शकतो. ज्यांच्यासाठी करार होतो ती मुले सही करण्याच्या वयाचीच नसतात, मग त्यांना परके कसे म्हणायचे? आणि नवऱ्याजवळ राहण्याची अट करारात लिहिलेलीच नव्हती.

हा निकाल नेहमी सांगितला जातो. त्याहून जुना आधार मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. त्याच 1877 साली आलेल्या विनिर्दिष्ट साहाय्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये असे होते की करार लग्नानिमित्तच्या व्यवस्थेचा असेल, किंवा एकाच कुटुंबातल्या लोकांनी संदिग्ध हक्कांबाबत केलेली तडजोड असेल, तर त्यातल्या लाभार्थ्यालाही करार अमलात आणून मागता येतो. आजच्या 1963 च्या अधिनियमात ही तरतूद कलम 15(क) मध्ये आहे. उत्तरात एवढे एक कलम लिहिले तरी अपवाद हवेत तरंगत नाही.

पुढे वाटणीचे खटले याच वाटेने गेले. भाऊ वाटणी करताना आईच्या पोटगीसाठी किंवा बहिणीच्या लग्नखर्चासाठी रक्कम ठरवत, सह्या पुरुषांच्याच असत, आणि नंतर कोणीतरी हात आखडता घेई. अशा आईला, बहिणीला मद्रास उच्च न्यायालयाने दाव्याचा हक्क मान्य केला.

हद्द कुठे, तेही लवकरच ठरले. जमना दास विरुद्ध राम अवतार खटल्यात गहाण जमीन विकणाऱ्याने, गहाणदाराला देण्यासाठी म्हणून काही रक्कम खरेदीदाराकडेच ठेवली होती. गहाणदाराने खरेदीदाराकडे ती मागितली. प्रिव्ही कौन्सिलने 1911 मध्ये नकार दिला, कारण खरेदीदाराने गहाणदाराला काहीच कबूल केलेले नव्हते. 1969 च्या एम. सी. चाको खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौटुंबिक व्यवस्थेचा अपवाद मान्य केला, पण बँकेला त्यात बसू दिले नाही. वडिलांनी मिळकत वाटताना बँकेच्या देण्याचा उल्लेख केला होता, पण ती कुटुंबाची आपापसातली सोय होती. बँकेच्या नावे त्यातून बोजाही निर्माण झाला नाही.

आता आपल्याकडचे एक कल्पित वाटणीपत्र घेऊ. सांगलीकडचे दोन भाऊ नोंदणीकृत दस्ताने जमीन वाटून घेतात आणि लिहितात: प्रत्येकाने आईला दरमहा 3,000 रुपये द्यावेत, आणि धाकट्याच्या वाट्याच्या गटावर या रकमेचा बोजा राहील. आईची सही नाही. धाकटा पैसे थांबवतो. आई दावा लावू शकते, आणि बोजामुळे तिची मागणी त्या जमिनीलाही चिकटते. धाकट्याने जमीन विकली तर ‘मला माहीत नव्हते’ हे खरेदीदाराचे म्हणणे टिकणे अवघड, कारण नोंदणीकृत दस्ताची जाणीव त्याला आहे असे कायदा धरतो. बोजाची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरात असेल तर आणखीच बरे. त्याच दस्तात ‘धाकट्याने सोसायटीचे कर्ज फेडावे’ असेही लिहिलेले असेल, तर त्या ओळीवरून सोसायटीला मात्र दावा लावता येणार नाही. तिने मूळ कर्जदाराकडे जावे.

विधी आयोगाने 1958 च्या तेराव्या अहवालात, तिसऱ्याच्या लाभासाठी केलेल्या करारांबाबत करार अधिनियमातच नवे कलम घालण्याची शिफारस केली होती. ती अमलात आली नाही. इंग्लंडने 1999 मध्ये तसा कायदा केला आणि करारात स्पष्ट लिहिले असेल तर तिसऱ्याला दाव्याचा हक्क दिला. विल्यम ट्वेडलच्या कागदात नेमके तेच लिहिलेले होते. आपल्याकडे आजही काम चालते ते 1910 च्या निकालावर, कलम 15(क) वर आणि दस्तातल्या बोजाच्या ओळीवर.