लेझरजेट १०१० आणि ६४ बिट विंडोज: ड्रायव्हर मिळत नसेल तेव्हा काय करावे

एचपी लेझरजेट १०१० हा प्रिंटर वकिलांची कार्यालये, दवाखाने, शाळा आणि झेरॉक्स केंद्रे अशा ठिकाणी अजूनही मोठ्या संख्येने चालू आहे. त्याचे १२ए टोनर काडतूस सर्वत्र मिळते आणि स्वस्तात भरून घेता येते, त्यामुळे चालता प्रिंटर टाकून द्यावा असे कोणालाही वाटत नाही, आणि आम्हीही तसा सल्ला देत नाही. अडचण येते ती संगणकाकडून. जुन्या संगणकाची रॅम वाढवली किंवा त्यात एसएसडी बसवली की त्यावर बहुधा ६४ बिट विंडोज चढवले जाते, कारण ३२ बिट विंडोजच्या नेहमीच्या आवृत्त्या ४ जीबीपलीकडची रॅम वापरू शकत नाहीत. संगणक वेगाने चालू लागतो, पण प्रिंटर बंद पडतो, आणि ‘तुम्ही काम केल्यापासून प्रिंट येत नाही’ अशी तक्रार आमच्या दुरुस्तीच्या दुकानात येते.

प्रिंटर बिघडलेला नसतो. १०१० सोबत सीडीवर कंपनीने जो ड्रायव्हर दिला तो ३२ बिट विंडोजचा होता. विंडोज ७ आणि त्यापुढील ६४ बिट आवृत्त्यांसाठी या मॉडेलचा स्वतंत्र ड्रायव्हर कंपनीने दिला नाही. आपले विंडोज कोणते आहे ते Settings, System, About येथे System type या ओळीत पाहावे.

या ठिकाणी होणारी एक चूक ग्राहकांचा आणि आमचा सर्वाधिक वेळ खाते, म्हणून ती सविस्तर सांगतो. प्रिंटरसोबत आलेली जुनी सीडी घालून सेटअप चालवला जातो. ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचे साधे प्रोग्रॅम चालतात, त्यामुळे सेटअपची खिडकी उघडते, निळी पट्टी पुढे सरकते आणि काम होत आहे असे वाटते. परंतु विंडोजमधील छपाईची रांग सांभाळणारी स्पूलर ही सेवा स्वतः ६४ बिट असते आणि ३२ बिट ड्रायव्हर आपल्यात घेऊ शकत नाही. म्हणजे सेटअप सुरू होणे आणि ड्रायव्हर बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे लक्षात न आल्यामुळे तीच सीडी तीन-चार वेळा चालवली जाते, मग ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाचा एखादा प्रोग्रॅम उतरवला जातो, आणि शेवटी हाताला लागेल तो ड्रायव्हर निवडून प्रिंटर जोडला जातो.

मागे एका वकिलांच्या कार्यालयातून असा संगणक आला होता. त्यात एकाच प्रिंटरच्या चार नोंदी होत्या: दोन USB001 या पोर्टवर, एक LPT1 वर आणि एक FILE: वर. रांगेत जुनी कामे अडकून पडली होती. LPT1 हा जुन्या जाड समांतर केबलचा पोर्ट. प्रिंटर यूएसबीवर असताना त्या पोर्टकडे पाठवलेले काम प्रिंटरपर्यंत पोहोचणार कसे? मूळ काम पंधरा मिनिटांचे होते, सफाईला तासाहून अधिक वेळ गेला. सफाईचे वेगळे पैसे का, असे विचारले जाते, त्याचे उत्तर हे आहे.

सफाई घरीही करता येते. प्रथम Printers & scanners मधील या प्रिंटरच्या सर्व नोंदी काढाव्यात. त्यानंतर कमांड प्रॉम्प्ट ‘Run as administrator’ने उघडून पुढील ओळी एकेक करून द्याव्यात.

```
net stop spooler
net start spooler
printui /s /t2
```

शेवटच्या ओळीने ड्रायव्हरांची यादी उघडते. तेथे अर्धवट बसलेला ड्रायव्हर निवडून Remove, आणि पुढे Remove driver and driver package असे करावे. ड्रायव्हर वापरात असल्याचे सांगून विंडोजने नकार दिल्यास पहिल्या दोन ओळी पुन्हा देऊन लगेच प्रयत्न करावा.

आता प्रत्यक्ष उपाय. छापायचे पान प्रिंटरला समजेल अशा भाषेत मांडणे हे ड्रायव्हरचे काम असते. एचपीच्या अनेक लेझर प्रिंटरांमध्ये पीसीएल ही भाषा समान आहे, म्हणून १०१० ला त्याच घराण्यातील ३०५५ या मॉडेलचा ६४ बिट ड्रायव्हर चालतो. प्रिंटर चालू करून यूएसबी केबल जोडावी आणि विंडोजने त्याला ओळखेपर्यंत दोन मिनिटे थांबावे. नंतर प्रिंटर जोडण्याच्या पडद्यावर The printer that I want isn't listed हा पर्याय घेऊन हाताने स्थानिक प्रिंटर जोडण्याची निवड करावी. Use an existing port येथे आधी LPT1 दिसतो. तो तसाच ठेवू नये. यादी खाली सरकवून DOT4_001 हा पोर्ट निवडावा. हा पोर्ट प्रिंटर जोडलेला असतानाच तयार होतो, त्यामुळे तो यादीत नसेल तर पुढे जाऊ नये; केबल आणि संगणकाचा यूएसबी पोर्ट बदलून पाहावा. पुढच्या यादीत HP LaserJet 3055 PCL5 निवडावा. तो नसल्यास Windows Update हे बटण दाबून थांबावे. यादी भरायला बरीच मिनिटे लागतात आणि त्या वेळात संगणक अडकल्यासारखा वाटतो. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला असल्यामुळे तेथे या बटणावर विसंबू नये. आम्ही हा ड्रायव्हर दुकानात जपून ठेवला आहे.

या मार्गाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ड्रायव्हर दुसऱ्या मॉडेलचा असल्यामुळे पडद्यावर दिसणारे सर्वच पर्याय आपल्या प्रिंटरवर चालतील असे नाही. १०१० मध्ये अवघी ८ एमबी मेमरी आहे, त्यामुळे मोठी छायाचित्रे असलेले पान अर्धे छापून थांबल्यास रिझोल्यूशन कमी करून पाहावे. मजकुराच्या पानांना सहसा अडचण येत नाही. हीच युक्ती लेझरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० वर करू नये. या प्रिंटरांना पान तयार करण्याचे बरेचसे काम संगणकाकडून करून लागते, म्हणून त्यांना त्यांचाच ड्रायव्हर हवा. सुदैवाने दोन्हींचे ६४ बिट ड्रायव्हर निघालेले आहेत.

स्कॅनरच्या बाबतीत वाट अधिक अरुंद आहे, कारण तेथे पीसीएलसारखी समान भाषा नसते. कॅननच्या लाइड २५ या स्कॅनरचा ६४ बिट ड्रायव्हर कंपनीने दिला नाही. व्ह्यूस्कॅन हा विकतचा प्रोग्रॅम तो स्कॅनर चालवतो. त्याच्या चाचणी आवृत्तीत प्रतिमेवर खूण उमटते, पण आपला स्कॅनर चालतो की नाही ते पैसे भरण्याआधी कळते. दुसऱ्या मॉडेलच्या ड्रायव्हरची आयएनएफ फाइल बदलून काम भागवण्याचे उपायही सांगितले जातात. त्यासाठी विंडोजची ड्रायव्हर स्वाक्षरीची तपासणी बंद करावी लागते, आणि ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात त्यावर आम्ही ती बंद करत नाही, ग्राहकाने आग्रह केला तरीही. महिन्यातून चार पाने स्कॅन करायची असतील तर जुना ३२ बिट संगणक इंटरनेटशिवाय बाजूला ठेवणे हा कमी खर्चाचा उपाय आहे.

दुकानात येताना केवळ सीपीयू आणू नये. प्रिंटर, त्याची वीजकेबल आणि नेहमीची यूएसबी केबल सोबत आणावी, कारण प्रिंटर समोर नसेल तर वर सांगितलेला पोर्ट तयारच होत नाही आणि आपली दुसरी फेरी होते. विंडोज नव्याने चढवायचे असेल तर कोणते प्रिंटर आणि स्कॅनर वापरता ते आधीच सांगावे. ३२ बिट ठेवायचे की ६४ बिट, हे त्यावरून ठरवता येते. टोनर भरायचा असल्यास तोही त्याच वेळी भरून देऊ.