क्लोजिंग बॅलन्स आणि सरासरी बॅलन्स: १ − १ + १ − १ … ची बेरीज ½ म्हणजे नक्की काय?

अकरावीतल्या भाच्याने परवा एक रील पाठवली. १ − १ + १ − १ + … असं अनंतापर्यंत चालू ठेवलं तर उत्तर ½ येतं, आणि खाली मेसेज, "मामा हे खरंय का? सगळे आकडे पूर्ण आहेत मग अर्धा आला कुठून?" प्रश्न अगदी बरोबर आहे. गोंधळ होतो कारण 'बेरीज' हा एकच शब्द इथे दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि दोन्हीकडे तेच बरोबरचं चिन्ह लिहितात. एक आपली नेहमीची बेरीज आणि दुसरी सेझारो बेरीज. त्याला फोनवर मी पासबुक घेऊन समजावलं, इथेही तेच करतो.

समजा एक बचत खातं आहे. पहिल्या दिवशी १ रुपया भरला, दुसऱ्या दिवशी काढला, तिसऱ्या दिवशी परत भरला, असं कायम चालू. सिरीजमधला प्रत्येक आकडा म्हणजे त्या दिवसाचा व्यवहार, आणि दिवसाच्या शेवटी उरलेली शिल्लक म्हणजे आंशिक बेरीज. तर शिल्लक अशी दिसेल: १, ०, १, ०, १, ०…

आता नेहमीची बेरीज काय विचारते? ती विचारते की ही शिल्लक पुढे पुढे कुठल्या एका आकड्यावर स्थिरावते का, म्हणजे तिला लिमिट आहे का. इथे ती कधीच स्थिरावत नाही, शंभराव्या दिवशी ० आणि एकशे एकाव्या दिवशी १. त्यामुळे नेहमीच्या अर्थाने या सिरीजला बेरीजच नाही. शून्य नाही, एक नाही आणि अर्धासुद्धा नाही. अशा सिरीजला अपसारी म्हणतात, आणि या अर्थाने रीलमधलं विधान सरळ चूक आहे.

सेझारो बेरीज वेगळा प्रश्न विचारते. बँकेत मंथली ॲव्हरेज बॅलन्स असतो ना, रोजची शिल्लक मिळवायची आणि दिवसांनी भागायचं, तोच. एका दिवसाची सरासरी १, दोन दिवसांची ½, तीन दिवसांची ⅔, चारची परत ½, पाचची ⅗, सहाची ½, सातची ४⁄७. सम दिवशी बरोबर ½, विषम दिवशी ½ पेक्षा थोडी जास्त आणि ते जास्तीचं सतत कमी होत जाणारं. १०१ व्या दिवशी ५१⁄१०१, म्हणजे साधारण ०.५०५. तर शिल्लक स्थिरावत नाही पण सरासरी ½ वर स्थिरावते. सेझारो बेरीज ½ आहे, याचा अर्थ फक्त एवढाच. अर्धा रुपया खात्यात कुठल्याच दिवशी नव्हता, आणि सरासरीला तशी गरजही नसते.

मग अशा वेगळ्या गोष्टीला 'बेरीज' म्हणायचा हक्क कुठून आला? माझ्या मते या सगळ्यातला हाच मुद्दा नीट समजून घ्यायचा आहे. हक्क यातून येतो की जिथे नेहमीची बेरीज असते तिथे सरासरी तंतोतंत तेच उत्तर देते. ½ + ¼ + ⅛ + … घ्या, याची बेरीज १. दहाव्या दिवशी शिल्लक ०.९९९ झालेली असते, सरासरी मात्र अजून ०.९०० वर रेंगाळते कारण सुरुवातीच्या दिवसांची कमी शिल्लक तिच्या मानगुटीवर बसलेली असते. पण या सिरीजमध्ये सगळ्या दिवसांची तूट मिळून १ च्या वर कधी जात नाही आणि भागणारे दिवस वाढतच जातात, त्यामुळे शंभराव्या दिवशी सरासरी ०.९९ आणि पुढे १ कडेच. म्हणजे जुनं काही मोडत नाही, फक्त जिथे आधी उत्तरच नव्हतं तिथे काही ठिकाणी एक मिळतं. आणि ती हळू जाते हेही लक्षात ठेवायचं, चांगल्या सिरीजची बेरीज काढायला सरासरी वापरली तर उलट उशीरच होतो.

आता कंसांचा घोळ. इटलीत पिसाला गुइदो ग्रांदी नावाचे एक संन्यासी गणिती होते, त्यांनी १७०३ मध्ये या सिरीजबद्दल लिहिलं म्हणून हिला ग्रांदीची सिरीज म्हणतात. (१−१) + (१−१) + … असे कंस टाकले तर ० येतं, आणि १ + (−१+१) + (−१+१) + … असे टाकले तर १. पासबुकात बघितलं की हे का होतं ते लगेच दिसतं. कंस टाकणं म्हणजे पासबुक रोज न बघता एक दिवसाआड बघणं! पहिल्या प्रकारात आपण फक्त सम दिवशी एंट्री बघतो म्हणून कायम ०, दुसऱ्यात फक्त विषम दिवशी म्हणून कायम १. शिल्लक स्थिरावणारी असती तर कधीही बघा तेच दिसलं असतं, म्हणून तिथे कंस निरुपद्रवी असतात. इथे नाहीत.

लायबनिझ यांनी १७१३ मध्ये यावर असं म्हटलं की ० आणि १ दोन्ही सारखेच वेळा येतात, म्हणून मधलं ½ घ्यावं. उत्तर बरोबर पण ती व्याख्या नव्हती, अंदाज होता. एर्नेस्तो सेझारो यांनी सरासरीची पद्धत व्यवस्थित मांडली ती १८९० मध्ये, म्हणजे जवळपास पावणेदोनशे वर्षांनी.

व्याख्या असण्याने काय फरक पडतो ते शून्यांमुळे कळतं. अठराव्या शतकातच आक्षेप आला होता की ही सिरीज १ + ० − १ + १ + ० − १ + … अशी लिहिली तर उत्तर बदलतं. शून्य मिळवल्याने काय बदलणार, असं कुणालाही वाटेल. पण शून्य म्हणजे व्यवहार न झालेला दिवस. एक रुपया भरला, दुसऱ्या दिवशी काहीच केलं नाही, तिसऱ्या दिवशी काढला. शिल्लक १, १, ०, १, १, ०… आणि सरासरी ⅔. तेच शून्य पैसे काढल्यानंतर टाकलं, १ − १ + ० + १ − १ + ० + …, की शिल्लक १, ०, ०, १, ०, ०… आणि सरासरी ⅓. पैसा तोच भरला तोच काढला, पण खात्यात किती दिवस पडून राहिला ते बदललं, आणि सरासरी बॅलन्स त्यावरच तर ठरतो. क्लोजिंग बॅलन्सला रिकाम्या दिवसांचं काही देणंघेणं नसतं. मला विचाराल तर दोन बेरजांमधला सगळ्यात मोठा फरक हाच: नेहमीची बेरीज फक्त आकडे आणि त्यांचा क्रम बघते, सेझारो बेरीज आकडा कितव्या जागेवर आहे तेही बघते. (दोन-चारच शून्यं कुठेतरी टाकली तर काही होत नाही, सरासरीत ती विरून जातात. अनंत वेळा टाकली की मग फरक पडू शकतो.)

रीलमधला पुरावा वेगळा होता, तोही बघू. समजा बेरीज S. पहिला १ बाजूला काढला तर उरलेली सिरीज म्हणजे −S, म्हणून S = १ − S, म्हणून S = ½. यात 'समजा बेरीज S' हे पहिलंच वाक्य सिद्ध करायचं राहून गेलंय. हीच युक्ती १ + २ + ४ + ८ + … ला लावा: पहिला १ सोडला तर उरलेलं २S, म्हणजे S = १ + २S, म्हणजे S = −१. खात्यातली शिल्लक १, ३, ७, १५ अशी चढतेय, सरासरीही चढतेय, आणि उत्तर उणे एक! सेझारोच्या अर्थाने हे चूक आहे, कारण तिथे S अस्तित्वातच नाही. ग्रांदीच्या सिरीजला मात्र सरासरीने ½ आधीच मिळालेलं असतं, आणि एक दिवस पुढेमागे सरकवल्याने सरासरीत फरक पडत नाही, म्हणून तिथे ती युक्ती चालते. म्हणजे युक्ती एवढंच सांगते की उत्तर असेल तर ते हे असेल. आहे का, ते सरासरी काढूनच बघावं लागतं.

आणि सरासरीलाही मर्यादा आहेत. १ − २ + ३ − ४ + … घ्या. शिल्लक १, −१, २, −२, ३, −३… सरासरी काढली तर १, ०, ⅔, ०, ⅗, ०… म्हणजे सम दिवशी ० आणि विषम दिवशी ½ च्या जवळ, स्थिरावत नाही. पण या सरासरीचीच पुन्हा सरासरी घेतली तर ती ० आणि ½ च्या मध्ये, ¼ वर जाते. आता गंमत बघा, ग्रांदीच्या सिरीजला तिनेच गुणलं, पद्धतशीर, बहुपदींचा गुणाकार करतो तसं, तर हीच १ − २ + ३ − ४ + … येते, आणि ½ × ½ = ¼. सेझारो यांचा १८९० चा लेख मुळात सिरीजच्या गुणाकारावरच होता, सरासरीवर सरासरी घेण्याची गरज तिथूनच निघाली.

भाच्याचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता, "मग १ + २ + ३ + … = −१⁄१२ पण असंच का?" नाही. शिल्लक १, ३, ६, १०, सरासरी १, २, ३⅓, ५, आणि शंभराव्या दिवशी १७१७. सरासरीची सरासरी घेतली तरी वाढतच जाते, कितीही वेळा घ्या, कारण धन आकडे वाढत जात असतील तर सरासरी कुठून खाली येणार. −१⁄१२ हे झीटा फंक्शन नावाच्या एका वेगळ्याच गणिती फंक्शनमधून येतं. रामानुजन यांनी १९१३ मध्ये इंग्रज गणिती हार्डी यांना लिहिलेल्या पत्रात ते होतं, पण त्याची व्याख्या वेगळी आहे, पासबुकातून ते निघत नाही.