आघूर्ण कोणत्या अक्षाभोवतीचे? वक्रांनी वेढलेल्या क्षेत्राच्या सेंट्रॉइडची पार्श्वभूमी

सांगली-मिरज परिसरात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सेंट्रॉइड, म्हणजे आकृतीचा समतोलबिंदू, दोनदा भेटतो. मेकॅनिक्सच्या तासाला तो तक्त्यातून येतो: आयत, त्रिकोण, अर्धवर्तुळ असे तुकडे पाडायचे, प्रत्येकाचे क्षेत्रफळ त्याच्या अंतराने गुणायचे, बेरीज करायची आणि एकूण क्षेत्रफळाने भागायचे. गणिताच्या तासाला तोच बिंदू संकलनातून येतो आणि तिथे आघूर्णांची, म्हणजे क्षेत्रफळ आणि अक्षापासूनचे अंतर यांच्या गुणाकारांच्या बेरजेची, M_x व M_y ही चिन्हे दिसू लागतात. दोन्ही तासांना गणित एकच असते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. परीक्षेतील चुका पाहिल्या, तर त्यांतला मोठा वाटा संकलन चुकल्याचा नसून M_x ला कशाने भागून काय मिळते, याच्या गोंधळाचा असतो. हा गोंधळ नामकरणात आहे आणि त्या नामकरणाला बराच जुना इतिहास आहे.

या विषयाचा आरंभ तराजूत आहे. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात सिराक्यूज येथील एका ग्रीक गणितीने सपाट आकृत्यांच्या समतोलावर लिहिले, तेव्हा त्याने आकृतीला जणू वजन आहे असे मानले आणि ती तरफेवर टांगली. त्रिकोणाचा समतोल त्याच्या मध्यगांच्या छेदनबिंदूवर साधतो, हे त्याने सिद्ध केले. त्याहून अवघड निष्कर्ष अन्वस्ताच्या खंडाबाबतचा आहे. अन्वस्ताची एक जीवा घ्यावी आणि तिच्या मध्यबिंदूतून अन्वस्ताच्या अक्षाला समांतर रेषा काढावी; ही रेषा वक्राला जिथे मिळते तो त्या खंडाचा शिरोबिंदू. खंडाचा समतोलबिंदू याच रेषाखंडावर असतो आणि त्याचे असे दोन भाग करतो, की शिरोबिंदूकडील भाग जीवेकडील भागाच्या दीडपट होतो. म्हणजेच शिरोबिंदूपासून तो तीन-पंचमांश अंतरावर असतो. पट्ट्या तरफेवर तोलून असे निष्कर्ष आधी हुडकायचे आणि मग भूमितीने सिद्ध करायचे, ही त्याची रीत जगाला नीट कळली ती १९०६ साली, कॉन्स्टँटिनोपलमध्ये एका प्रार्थनापुस्तकाच्या पानांवर खरवडलेला जुना मजकूर वाचला गेला तेव्हा. तोलून मिळालेले उत्तर म्हणजे सिद्धता नव्हे, असे त्याने स्वतःच त्यात बजावले आहे.

आजच्या चिन्हांत हाच प्रश्न मांडला, तर तो नेहमीच्या सरावातलाच निघतो. y = x ही रेषा आणि y = x² हा अन्वस्त यांच्यामधील क्षेत्र घेऊ. दोन्ही (0, 0) आणि (1, 1) येथे छेदतात आणि मधल्या भागात रेषा वर, वक्र खाली असतो. उभी अरुंद पट्टी घेतली, तर तिची उंची x − x² आणि रुंदी dx आहे.

A = ∫₀¹ (x − x²) dx = 1/2 − 1/3 = 1/6

पट्टीवरील सर्व बिंदू y-अक्षापासून जवळजवळ सारख्याच, म्हणजे x इतक्या अंतरावर आहेत. म्हणून

M_y = ∫₀¹ x(x − x²) dx = 1/3 − 1/4 = 1/12

x-अक्षापासून मात्र पट्टीवरील बिंदू निरनिराळ्या अंतरांवर आहेत, म्हणून पट्टीचा मध्य धरावा लागतो. तो (x + x²)/2 इतक्या उंचीवर आहे.

M_x = ∫₀¹ ½(x + x²)(x − x²) dx = ½ ∫₀¹ (x² − x⁴) dx = ½(1/3 − 1/5) = 1/15

x̄ = M_y / A = 1/2,  ȳ = M_x / A = 2/5

आता जुना निष्कर्ष लावून पाहू. जीवेचा मध्यबिंदू (1/2, 1/2) आणि खंडाचा शिरोबिंदू (1/2, 1/4) आहे. या दोहोंमधील अंतर 1/4. त्याचा तीन-पंचमांश 3/20 होतो आणि 1/4 + 3/20 = 2/5. बावीसशे वर्षांपूर्वी तरफेच्या आधाराने मिळालेला बिंदू संकलनाच्या दोन ओळींत जसाच्या तसा आला.

आता नामकरणाकडे वळू. x̄ काढायला M_y लागतो आणि ȳ काढायला M_x, हे बहुतेकांना उलटे वाटते. चिन्हाखालचे अक्षर कोणते अंतर मोजले हे सांगत नाही. आकृती कोणत्या रेषेभोवती फिरू पाहते हे ते सांगते. घराच्या दाराचे उदाहरण पुरेसे आहे. बिजागरीची रेषा उभी असते, पण दार ढकलताना महत्त्व असते ते बिजागरीपासूनच्या आडव्या अंतराला. बिजागरीजवळ ढकलले तर दार जड वाटते, कडेला ढकलले तर हलके. y-अक्ष ही बिजागरी मानली, तर तिच्यापासूनचे अंतर x आहे आणि म्हणून M_y मध्ये x येतो. यंत्रशास्त्रात आघूर्ण नेहमी फिरण्याच्या अक्षावरून ओळखले जाते आणि गणिताने चिन्हे तिथून उचलली, फिरणे मात्र तिथेच राहून गेले. जो विद्यार्थी M_x म्हणजे x चे आघूर्ण असे वाचतो, तो मराठीतील ‘भोवती’ हा शब्द गाळून वाचत असतो.

काही शिक्षक यावर उपाय म्हणून M_x, M_y लिहिणेच टाळतात आणि थेट ∫ y dA व ∫ x dA लिहितात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण मग चिन्हांची अदलाबदल होण्याचा प्रश्नच उरत नाही. तरीही प्रस्तुत लेखकाला ही पळवाट वाटते. पुढच्या वर्षी तुळईच्या छेदाचे जडत्व आघूर्ण येते, तिथेही I_x मध्ये y² असतो आणि जो गोंधळ एकदा समजून सोडवता आला असता तो पुन्हा उभा राहतो.

अदलाबदल झाली आहे का, हे तपासणे मात्र सोपे आहे. वरील उदाहरणात M_x ने x̄ आणि M_y ने ȳ काढला, तर (2/5, 1/2) हा बिंदू मिळतो. x = 2/5 येथे आपले क्षेत्र 4/25 ते 2/5 या उंचीतच आहे; 1/2 त्याच्या वर, म्हणजे बाहेर आहे. हे क्षेत्र बहिर्वक्र आहे, त्यातील कोणतेही दोन बिंदू जोडणारी रेषा त्याच्या बाहेर जात नाही, आणि अशा क्षेत्राचा सेंट्रॉइड बाहेर असूच शकत नाही. चंद्रकोरीसारख्या आकृतीला मात्र ही कसोटी लावता येत नाही, कारण तिचा सेंट्रॉइड पोकळीत पडू शकतो.

दुसरी नेहमीची चूक याहून फसवी आहे. M_x मध्ये x² − x⁴ ऐवजी (x − x²)² लिहिले जाते, म्हणजे वर्गांच्या फरकाऐवजी फरकाचा वर्ग घेतला जातो. त्याने ½ × 1/30 = 1/60 मिळते आणि ȳ = 1/10 येतो. पट्टी x-अक्षावर उभी आहे असे नकळत धरले, की ही चूक होते. प्रत्यक्षात पट्टी अक्षापासून x² इतकी वर उचललेली आहे. (1/2, 1/10) हा बिंदू वक्राच्याही खाली पडतो. तासगावच्या बेदाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन, १ एकक म्हणजे ३० सेंमी असे माप धरून ही आकृती कापावी आणि टाचणीने दोन वेगवेगळ्या टोकांपासून टांगून ओळंब्याच्या रेषा आखाव्यात. त्या डावीकडून १५ सेंमी आणि खालून १२ सेंमी अंतरावर छेदतात. चुकीच्या उत्तराप्रमाणे छेदनबिंदू खालून ३ सेंमीवर यायला हवा होता आणि तिथे पुठ्ठाच नाही.

वर्गांचा फरक कुठून येतो, याचे आणखी एक उत्तर सतराव्या शतकात मिळते. १६३५ ते १६४१ या काळात एका स्विस जेसुइट गणितीच्या ग्रंथात असा नियम छापला गेला, की एखादे सपाट क्षेत्र त्याला न छेदणाऱ्या अक्षाभोवती फिरवले, तर तयार होणाऱ्या घनाचे घनफळ हे त्या क्षेत्राचे क्षेत्रफळ आणि सेंट्रॉइडने कापलेले अंतर यांचा गुणाकार असते. चौथ्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या एका गणितीने हा नियम आधीच नोंदवला होता, त्यामुळे श्रेय कोणाचे यावर पुढे बरीच चर्चा झाली. आपले क्षेत्र x-अक्षाभोवती फिरवल्यास नियमाप्रमाणे घनफळ 2π × 2/5 × 1/6 = 2π/15 येते. कडी कापून थेट संकलन केले, तर π ∫₀¹ (x² − x⁴) dx = 2π/15. दोन्ही ठिकाणी आत तेच वर्ग आहेत. M_x ला 2π ने गुणले की घनफळ मिळते. घनफळाच्या गणितात कड्याच्या बाहेरील वर्तुळातून आतील वर्तुळ वजा करायचे, हे विद्यार्थी सहज करतात. आघूर्णात तेच करताना मात्र अडखळतात.

मराठी संज्ञांचीही एक गुंतागुंत आहे. दहावीच्या भूमितीत त्रिकोणासाठी ‘मध्यगासंपात’ हा नेमका शब्द शिकवला जातो, पण वक्रांनी वेढलेल्या क्षेत्राला मध्यगा नसतात, म्हणून तो तिथे लावता येत नाही. ‘गुरुत्वमध्य’ सर्वांना कळतो, पण त्यात वजन गृहीत आहे. इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात सेंट्रॉइड हा वेगळा शब्द घडवला गेला, तो याच वजनापासून भूमिती सोडवण्यासाठी. आघूर्णासाठी जुन्या मराठी लेखनात ‘परिबल’ हा शब्द आढळतो. त्यातला ‘परि’ म्हणजे भोवती, आणि हा उपसर्ग वर सांगितलेला गोंधळ आपोआप टाळतो. तो शब्द मागे पडला याची खंत वाटते.

वजन आणि क्षेत्र यांत फरक का करावा, हे त्याच पुठ्ठ्यावर दाखवता येते. पुठ्ठ्यावर एका बाजूला चिकटपट्टीचा तुकडा राहिला असेल, तर ओळंब्याच्या रेषा भलतीकडे छेदतात. हेच गणितात पाहायचे, तर घनता सर्वत्र सारखी नसून x च्या प्रमाणात उजवीकडे वाढते असे धरू. आता क्षेत्रफळाऐवजी वस्तुमान घ्यावे लागते आणि प्रत्येक संकलनात एक x वाढतो. वस्तुमान 1/12, M_y = ∫₀¹ x²(x − x²) dx = 1/20 आणि M_x = ½ ∫₀¹ x(x² − x⁴) dx = 1/24. भागाकार करून (3/5, 1/2) मिळतो. वस्तुमानाचा मध्य जीवेच्या मध्यातून जाणाऱ्या त्या जुन्या रेषेवरून उजवीकडे सरकला, पण आकृतीचा सेंट्रॉइड अजूनही (1/2, 2/5) येथेच आहे.