मैदानाचे तुटलेले कुंपण व साचणारे पाणी: नगरपरिषदेकडे तक्रार अर्ज कसा करावा

कोकणातील नगरपरिषद किंवा नगरपंचायत क्षेत्रातील सार्वजनिक मैदानाबाबत तेथील कोणताही रहिवासी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे तक्रार अर्ज करू शकतो. साध्या कागदावर, नाव, पत्ता आणि सहीनिशी केलेला अर्ज पुरेसा असतो.

मात्र अर्ज लिहिण्याआधी मैदान कोणाच्या मालकीचे आहे हे सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरून पाहून घ्यावे. जागा महसूल खात्याची किंवा एखाद्या शाळेची निघाली, तर ‘सदर जागा आमच्या ताब्यात नाही’ एवढ्या उत्तरावर अर्ज निकाली निघतो आणि तोवर पावसाळा सुरू झालेला असतो. म्हणून भूमापन क्रमांक विषयातच लिहावा आणि उताऱ्याची प्रत जोडावी.

सर्वाधिक काळजी निचऱ्याच्या मजकुराची घ्यावी. ‘मैदानात पाणी तुंबते’ एवढेच लिहिले, तर बहुधा खळग्यात लाल मातीचा भराव टाकला जातो, आणि ती माती जोराच्या पावसात वाहून गटारात बसल्याने पाणी अधिकच अडते. त्याऐवजी पाणी कोठून येते, कोठे अडते आणि कोठे जायला हवे, हे पाहून लिहावे. समजा, मैदानाचा उतार पश्चिमेकडे असून रस्त्याखालची मोरी गाळाने बुजली आहे, तर मजकूर असा असावा:

‘मैदानाच्या पश्चिम कडेचे गटार रस्त्याखालील मोरीपाशी गाळ व पालापाचोळ्याने बंद झाल्याने पाणी मैदानात परतते. उत्तरेकडील जांभ्याचा गडगा सुमारे १० मीटर ढासळला असून तेथून मोकाट गुरे आत शिरतात. तरी मोरीतील गाळ काढून गटार वहाळापर्यंत मोकळे करावे व गडगा पूर्ववत बांधावा, ही विनंती.’

गाळ काढण्याचे काम सहसा स्वच्छता विभागाकडे आणि गडग्याचे काम बांधकाम विभागाकडे जाते. त्यामुळे दोन्ही मागण्यांना स्वतंत्र क्रमांक द्यावेत. गडग्यासाठी अंदाजपत्रक व मंजुरी लागते, मोरी मात्र पावसाळापूर्व सफाईतच मोकळी होऊ शकते, म्हणून अर्ज मार्चपर्यंत देणे इष्ट. सोबत तारखेसह छायाचित्रे, हाताने काढलेला नकाशा आणि शेजाऱ्यांच्या सह्या जोडाव्यात. साचलेल्या पाण्याचे छायाचित्र आदल्या पावसाळ्यातच काढून ठेवलेले असावे.

अर्ज दोन प्रतींत नेऊन आवक विभागात द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. हा क्रमांक नसेल, तर पुढचा पाठपुरावा फार अवघड होतो.

उत्तर न आल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये १० रुपये शुल्क भरून त्या आवक क्रमांकावर झालेल्या कार्यवाहीची आणि टिपणीची प्रत मागावी. ३० दिवसांत माहिती न मिळाल्यास त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते.